साहेबांचे अठरा तास

पुस्तक लिहून घ्यायचं म्हणून जो कोणी उद्योजक फोन करतो त्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात, किती घ्याल आणि किती दिवसांत द्याल. प्रश्न रास्तच आहेत, रोज कोटेशनं मागवणारा माणूस दुसरं काय विचारणार. पण उत्तर द्यायच्या आधी मी उलटा प्रश्न टाकते, तुम्ही स्वतः किती तास द्याल? इथे बरेच जण गप्प होतात. कारण त्यांच्या हिशोबात, तास द्यायला लागू नयेत म्हणूनच तर आपण घोस्टरायटर बघतोय ना!

माझं म्हणणं असं की मालकाचं पुस्तक लेखकाच्या तासांतून होतच नाही, ते मालकाच्या तासांतून होतं. लेखक मेहनत घेतो, रात्री जागतो, सगळं खरं, पण कच्चा माल एकाच माणसाकडं असतो आणि तो माणूस मीटिंगमध्ये असतो. पुस्तकात काय घ्यायचं, आवाज कसा पकडायचा, पैसे कधी द्यायचे, नाव कुणाचं लावायचं, हे वेगवेगळे विषय वाटतात खरे, पण करार लिहायला बसलं की कळतं सगळ्यांची मुळं त्या तासांत आहेत.

एकाच कामाबद्दल सांगते म्हणजे नीट कळेल. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याचे मालक. वय साठीच्या पुढचं, धंदा आता मुलगी बघते, त्यांच्याकडं वेळ आहे असं तेच म्हणाले. त्यांना साहेबच म्हणते, कारखान्यात सगळे तेच म्हणायचे. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं की पुस्तकात लहानपण हवं, कंपनीचा इतिहास हवा, नव्या उद्योजकांना चार गोष्टी हव्या, आणि ज्या जुन्या कामगारांनी साथ दिली त्यांचं ऋण हवं. ही चार पुस्तकं झाली, आणि चारही एका पुठ्ठ्यात बांधली की होतं काय, तर कुणीच पूर्ण वाचत नाही, घरचे लोक लहानपण वाचतात, कामगार आपलं नाव शोधतात आणि नवा उद्योजक तिसऱ्या पानावर सोडून देतो.

मग विचारलं, हे पुस्तक वाचून कुणी एकाने फोन करावा असं वाटतं, तर तो कोण? बराच वेळ घेऊन म्हणाले, माझ्यासारखा लहान कारखानदार, ज्याचं सगळं एका मोठ्या गिऱ्हाइकावर चाललंय. कारण त्यांच्या बाबतीत तेच घडलेलं. निम्म्याहून जास्त माल घेणारं गिऱ्हाईक एका शुक्रवारी गेलं आणि पुढची दोन वर्षं त्यांनी कारखाना एकही माणूस न काढता कसा चालवला, ही गोष्ट त्यांच्याकडं होती आणि ती दुसऱ्या कुणाकडं नव्हती. पुस्तक तिथे ठरलं. लहानपण दोन पानांवर आलं, ऋणनिर्देश शेवटी गेला, आणि उपदेशाचं प्रकरण मी सरळ काढूनच टाकलं.

आता व्याप्तीचा कागद. एक पान, जास्त नको. त्यावर वाचक कोण, कोणत्या दोन वर्षांची गोष्ट, आणि पुस्तकात काय *नाही* हे लिहिलं. हे शेवटचं फार उपयोगी पडतं, कारण काय आहे ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, काय नाही ते दोन महिन्यांनी सगळे विसरतात. त्याखाली पंचेचाळीस हजार शब्दांच्या आसपास मजकूर, साहेबांच्या अठरा तासांच्या मुलाखती, कारखान्यातल्या आणखी चार जणांशी प्रत्येकी तासभर बोलणं, आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. फोटो, मांडणी, छपाई, प्रकाशक शोधणं, हे माझ्याकडं नाही असंही लिहिलं. नाही लिहिलं तर ते आपोआप लेखकाकडं येतं, हा अलिखित नियम आहे.

अठरा तास कुठून आले? माणूस मोकळेपणानं बोलत असला, मधे थांबत, आठवत, तर तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून साधारण सहा हजार शब्द निघतात. अठरा तासांचे एक लाखाच्या वर. त्यात माझे प्रश्न, एकच गोष्ट तीनदा सांगितलेली, चहा आला, फोन आला, हे सगळं वजा केलं की निम्मं उरतं. म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या पुस्तकाला जेमतेम पुरेल एवढा माल, वर त्या चार जणांचं बोलणं. आता समजा साहेबांनी सहाच तास दिले असते. हातात पंधरा-अठरा हजार कामाचे शब्द, बाकीचे सत्तावीस हजार कुठून आणायचे? माझ्या डोक्यातून. आणि मालकाचं पुस्तक वाचताना मधेच ज्या जागी ते कुणाचंही वाटायला लागतं ना, ती बहुतेक वेळा हीच जागा असते. लेखक वाईट नसतो, त्याच्याकडं टेप संपलेली असते.

शिवाय मुलाखतीचे तास म्हणजे सगळे तास नव्हेत. ड्राफ्ट वाचायला वेळ लागतो. स्वतःचं पुस्तक माणूस पेपरसारखं चाळत नाही, अडखळत, मागे जात वाचतो. पंचेचाळीस हजार शब्द नीट वाचायला सहा-सात तास सहज जातात आणि फेऱ्या दोन. म्हणजे साहेबांचे एकूण तीस-पस्तीस तास. हा आकडा आधीच सांगितला की काही लोक परत फोन करत नाहीत, आणि तेही बरंच असतं.

आता आवाज. यात मला सगळ्यात जास्त रस आहे त्यामुळे इथे जरा रेंगाळणार.

साहेबांच्या पहिल्या तीन तासांतलं जवळजवळ काहीच पुस्तकात गेलं नाही. ते छान बोलत होते, ओघवतं, उदाहरणं देत. पण त्यांनी आधी कुठल्या कुठल्या कार्यक्रमांत केलेल्या भाषणांचे व्हिडिओ मी बघून ठेवले होते आणि तीच वाक्यं, त्याच क्रमानं, त्याच जागी थांबून येत होती. हे दरवेळी होतं. ज्या माणसाला लोकांसमोर बोलायची सवय आहे त्याच्याकडं स्वतःच्या आयुष्याची एक पाठ केलेली आवृत्ती असते. ती खोटी नसते, पण घासून घासून इतकी गुळगुळीत झालेली असते की तिच्यात काही अडकत नाही. ओळखायचं कसं, तर सोपं आहे, त्यात दिवस नसतो, जागा नसते, दुसऱ्या माणसाचं बोलणं नसतं. "आम्ही खूप अडचणींतून गेलो" हे पाठ केलेलं. "त्या दिवशी लोडिंगला ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर झोपला होता" हे आठवलेलं.

म्हणून प्रश्न बदलावे लागतात. का केलं, काय शिकलात, असं विचारलं की भाषण सुरू होतं. खोलीत कोण होतं, फोन कुणी उचलला, त्या रात्री घरी कुणाला सांगितलं, असं विचारलं की माणूस थांबतो आणि मग जे येतं ते कधीच न सांगितलेलं असतं. जागाही बदलावी. चौथ्या भेटीपासून आम्ही ऑफिस सोडलं आणि मशीनच्या बाजूला बसलो, रेकॉर्डिंगमध्ये आवाज जास्त आला, टाइप करणाऱ्यानं तक्रार केली, पण साहेब वेगळेच माणूस झाले. वाक्यं निम्मी झाली.

या बाबतीत एक गाजलेलं उदाहरण आहे. डोनाल्ड ट्रम्प यांचं १९८७ साली आलेलं धंद्यावरचं पुस्तक टोनी श्वार्ट्झ या पत्रकारानं लिहिलं. नंतर श्वार्ट्झनं सांगितलं की मुलाखतीला ट्रम्प फार वेळ बसायचेच नाहीत, कंटाळायचे. शेवटी त्यानं मुलाखतींचा नाद सोडला आणि त्यांच्या ऑफिसात बसून, परवानगीनं, त्यांचे धंद्याचे फोन दुसऱ्या लाइनवर ऐकत राहिला, महिनोन्‌महिने. बाकी त्या पुस्तकाबद्दल, त्या लेखकाला पुढे काय वाटलं त्याबद्दल, पुष्कळ वाद आहेत, त्यात जात नाही. पण कामाची पद्धत म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, की मालक बोलायला बसत नसेल तर तो काम करताना कसा बोलतो ते ऐकावं. त्याचा खरा आवाज तिथेच असतो.

बरं, आवाज पकडला म्हणजे जसं बोलला तसं उतरवलं असं नाही. साहेबांचा एक तुकडा बघा, टेपवरचा, जसाच्या तसा:

"ऑर्डर गेली. शुक्रवारी कळलं. मग काय केलं? काही नाही. ते मशीन चालू होतं ना, म्हणजे कागद चढलेला, रोल, तो उतरवायचा म्हणजे वायाच तो. म्हटलं चालू दे. कुणाचे खोके, माहीत नाही. पण चालू दे. लोक बघत होते ना माझ्याकडं."

हे ऐकायला जिवंत आहे, पण कागदावर वाचणाऱ्याला रोल कुठला, लोक कोण, काही कळत नाही. त्यावर एखादा सवयीचा लेखक काय करेल, तर हे:

"सर्वात मोठा ग्राहक गमावल्याचा तो क्षण माझी खरी कसोटी पाहणारा होता. मात्र अशा प्रसंगी नेतृत्वाने खचून चालत नाही, याची मला जाणीव होती. मी धीराने निर्णय घेतला आणि उत्पादन सुरूच ठेवले."

व्याकरण शुद्ध, अर्थ बरोबर, आणि साहेब गायब. मुख्य म्हणजे यात एक खोटं शिरलंय, "मला जाणीव होती" हे ते म्हणालेच नव्हते, उलट काय चाललंय ते कळत नव्हतं असं म्हणत होते. पुस्तकात शेवटी गेलं ते असं:

"ऑर्डर गेली. शुक्रवारी कळलं. मशीनवर कागदाचा रोल चढलेला होता, उतरवला असता तर वाया गेला असता. पाळीवरची माणसं माझ्याकडं बघत होती. मग मी काय केलं? काही नाही. म्हटलं, चालू दे. छपाई थांबवा, नुसते शीट काढा. ते कुणाच्या खोक्याला लागणार आहेत हे मलाही माहीत नव्हतं."

बदललं काय, तर मुख्यतः क्रम. वाचणाऱ्याला आधी रोल दिसला पाहिजे, माणसं दिसली पाहिजेत, मगच "चालू दे"ला वजन येतं. ती स्वतःलाच विचारून स्वतःच उत्तर द्यायची त्यांची लकब ठेवली. आणि "छपाई थांबवा, नुसते शीट काढा" हे साहेबांच्या टेपमध्ये नव्हतंच, ते त्या वेळच्या सुपरवायझरनं मला सांगितलं. कोऱ्या शीटवर कुणाचं नाव नसतं, माप जुळलं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला चालतात, म्हणजे त्या घाईतही धंद्याचं डोकं चालू होतं. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "हो की, बोललो होतो, विसरलोच." इतरांच्या मुलाखती यासाठीच लागतात. पण दुसऱ्यानं सांगितलेलं वाक्य मालकाच्या तोंडी घालायचं तर त्याला विचारून, त्यानं हो म्हटल्यावरच. आठवत नसेल तर सुपरवायझरच्या तोंडून लिहायचं, काही बिघडत नाही.

पहिले आठ-नऊ तास झाले की मी एक आवाजाचा कागद करते. साहेबांच्या कागदावर साधारण हे होतं: आधी निकाल सांगतात, कारण मागून. नुकसान पैशात सांगत नाहीत, दिवसांत आणि टनांत सांगतात. दुसऱ्याची चूक असली तर "ते जमलं नाही" एवढंच म्हणतात, नाव घेत नाहीत. विनोद करतात तो स्वतःवरच. आणि खाली न वापरायचे शब्द, प्रवास, ध्येय, यशोगाथा, संघर्ष. यातला एकही शब्द त्यांनी मशीनशेजारी बसून उच्चारला नव्हता, ऑफिसात मात्र चारही आले होते!

मग नमुना प्रकरण. सगळं पुस्तक लिहून मग दाखवणं म्हणजे दोघांनाही धोका, म्हणून मधलं एक प्रकरण आधी लिहायचं, चार हजार शब्दांचं, आणि ते मालकाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं, रेकॉर्डर चालू ठेवून. आवडलं का, असं विचारू नये. माणसं भिडेखातर आवडलं म्हणतात, किंवा उगाच चार शब्द बदलून देतात. मोठ्यानं वाचताना मात्र तोंड खोटं बोलत नाही. जिथे अडखळले, जिथे नकळत शब्द बदलून वाचला, जिथे वाक्य मधेच सोडून "म्हणजे काय झालं माहितीये का" करून स्वतःच सांगायला लागले, त्या जागा चुकलेल्या. साहेबांनी त्या प्रकरणात पंधरा-वीस जागी असं केलं आणि त्यातल्या बऱ्याच जागी कारण एकच निघालं, मी जोडवाक्यं केली होती. "आणि", "त्यामुळे", "परंतु" लावून. ते तोडून वाचत होते. पुढची सगळी प्रकरणं तशीच, तोडून लिहिली.

आता जिथे कामं खरोखर अडतात ती गोष्ट, बाकीचे लोक. ड्राफ्ट झाला की तो मालकाच्या मुलीकडं जातो, वकिलाकडं जातो, एखाद्या साहित्यिक मित्राकडं जातो. मुलीला वाटतं बाबा फार साधे दिसतायत. वकिलाला वाटतं नावं नकोत. मित्राला वाटतं भाषा जरा भारदस्त हवी. तिघांचेही शेरे वेगळ्या फाइलमध्ये आणि एकमेकांच्या उलट. म्हणून करारात लिहिलेलं बरं की शेरे एकाच माणसाकडून, एकाच फाइलमध्ये येतील आणि त्याला एक फेरी म्हणायचं. आणि फेरी म्हणजे काय तेही लिहावं. लिहिलेल्या मजकुरात बदल, ती दुरुस्ती. नवं प्रकरण, नवी मुलाखत, बदललेला वाचक, हे नवं काम, त्याचा दर वेगळा. साहेबांना दुसऱ्या फेरीत वाटलं की मुलीनं आणलेल्या नव्या मशीनवर एक प्रकरण हवं. हरकत नव्हतीच, व्याप्तीचा कागद काढला, त्यात ते नव्हतं, मग दोन तास मुलाखत आणि चार हजार शब्द असा वेगळा हिशोब केला. कागद नसता तर तोंड वाईट झालं असतं कुणाचं तरी.

वकिलाला मात्र शेवटी नव्हे, आराखड्याच्या वेळीच बसवावं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आल्फ्रेड स्लोन यांचं. जनरल मोटर्सचे ते कित्येक वर्षं प्रमुख होते आणि त्यांनी 'फॉर्च्यून' मासिकातल्या जॉन मॅकडॉनल्ड या लेखकाबरोबर आपलं पुस्तक केलं. हस्तलिखित १९५९ च्या सुमाराला तयार होतं. कंपनीच्या वकिलांना भीती वाटली की सरकार मक्तेदारीच्या खटल्यात हे पुस्तक पुरावा म्हणून वापरेल, आणि पुस्तक अडलं. मालक तयार, लेखक तयार, मजकूर तयार, आणि छपाई बंद. शेवटी मॅकडॉनल्डनं कंपनीवर दावा लावला, तेव्हा कुठे १९६४ मध्ये ते लोकांच्या हातात आलं, आणि खपलं चांगलंच. स्लोन तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. म्हणजे पुस्तक थांबवायचा अधिकार मालकाशिवाय कुणाकुणाला आहे, कंपनीला, भागीदाराला, बोर्डाला, हे पहिल्या दिवशी विचारून घ्यायचं असतं. विचारायला अवघड वाटतं, पण विचारायचं. आमच्या कामात वकिलानं आराखडा बघूनच सांगितलं की त्या गेलेल्या गिऱ्हाइकाशी केलेल्या जुन्या करारात गुप्ततेचं कलम आहे. मग नाव, माल, गाव, सगळं आधीच बदलून लिहिलं, नंतर उपटत बसावं लागलं नाही. आणि वस्तुस्थितीची जबाबदारी मालकाची, असंही कलम घातलं, कारण त्या दोन वर्षांत कोण काय बोललं हे मी बघायला नव्हते.

पैशांचं थोडक्यात. आम्ही चार हप्ते केले, सहीला पंचवीस टक्के, आराखडा आणि नमुना प्रकरण दिल्यावर पंचवीस, पूर्ण पहिला ड्राफ्ट दिल्यावर तीस, शेवटचा मजकूर दिल्यावर वीस. यात "दिल्यावर" महत्त्वाचं. हप्ता "पसंत पडल्यावर" किंवा "प्रकाशित झाल्यावर" असा बांधला की लेखक लटकला. पसंती ही भावना आहे आणि प्रकाशन दुसऱ्याच्या हातात. मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी, तो म्हणणार की मग भिकार ड्राफ्टचेही पैसे द्यायचे का. त्यासाठीच नमुना प्रकरण आहे. तिथे दोघांनाही थांबायची मोकळीक ठेवायची, तोवरचे पैसे लेखकाचे, तोवरच्या टेपा आणि मजकूर मालकाचा, आणि कुणी कुणाला कारण सांगायचं नाही. शिवाय मालक गप्प बसला तर काय, हे लिहायला हवं. ड्राफ्ट पाठवला आणि तीन आठवडे काहीच उत्तर नाही, तर ती फेरी झाली असं धरून पुढं जायचं. साहेबांनी या कलमावर भुवया उंचावल्या होत्या, पण पहिला ड्राफ्ट वेळेत वाचला तो बहुधा त्याच्यामुळेच.

रॉयल्टीचा विषय निघतोच. श्वार्ट्झला त्या १९८७ च्या पुस्तकाच्या ॲडव्हान्समध्ये आणि रॉयल्टीत निम्मा वाटा मिळाला, वर कव्हरवर नाव. उलट क्रायस्लरचे प्रमुख ली आयाकोका यांचं १९८४ चं आत्मचरित्र ज्यानं लिहिलं त्या विल्यम नोव्हाकनं एकरकमी मानधन घेतलं होतं, विक्रीत वाटा नाही. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. हे वाचून प्रत्येक लेखकाला वाटतं वाटाच मागावा. मला नाही वाटत. ही माणसं आधीच प्रसिद्ध होती आणि मागे मोठा प्रकाशक होता. आपल्याकडं येणाऱ्या मालकाच्या पुस्तकाच्या निम्म्या प्रती तो स्वतःच विकत घेऊन वाटणार असतो, त्याच्या रॉयल्टीत वाटा म्हणजे त्याच्याच खिशातून त्याच्याच खिशात जाणाऱ्या पैशातला वाटा. कामाचे पैसे कामाला घ्यावेत. मानधन कमी करून "पुढे विक्रीत बघू" असं कुणी म्हणालं तर मी तरी नाही म्हणते.

श्रेयाचं मात्र एकच एक उत्तर नाही. कव्हरवर "सोबत अमुक", किंवा आतल्या पानावर "शब्दांकन", किंवा ऋणनिर्देशात एक ओळ, किंवा काहीच नाही. मालकाला भीती असते की लोक म्हणतील स्वतः लिहिलं नाही. लेखकाला भीती असते की पुढचं काम मागताना दाखवायला काही उरत नाही. या दोन भीतींचा मेळ बसतो, फक्त दोन्ही टेबलावर यायला हव्यात. साहेबांना कव्हरवर दुसरं नाव नको होतं. मग ऋणनिर्देशात माझं नाव, आणि करारात एक कलम, की पुढच्या गिऱ्हाइकाला मी खासगीत, लेखी न देता, हे काम मी केलंय असं सांगू शकते. गुप्ततेच्या करारात ही खिडकी आधीच ठेवली नाही तर नंतर कुणी उघडून देत नाही. काहीच श्रेय नको असेल तर मी मानधन वाढवते, कारण त्या नावावर मिळू शकणारं पुढचं काम मी सोडतेय. साहेबांना हा हिशोब लगेच पटला. धंद्याचा माणूस.

आणि श्रेय वेगळं, हक्क वेगळा. पुष्कळ मालकांना वाटतं पैसे दिले म्हणजे मजकूर आपला झाला. बऱ्याच देशांत बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतलेल्या मजकुराचा पहिला हक्क लेखकाचाच असतो आणि तो लेखी करार करूनच दुसऱ्याला देता येतो, नुसत्या चेकनं नाही. शिवाय लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा जो हक्क आहे तो कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे पैशाच्या हक्कांपासून वेगळा धरलेला आहे, तो सोडता येतो की नाही हे देशोदेशी बदलतं. म्हणून आपापल्या ठिकाणच्या वकिलाला विचारून एक ओळ नीट घालायची, की शेवटचा हप्ता मिळाला त्या दिवशी सगळे हक्क मालकाकडं जातील. त्या दिवशी, आधी नाही. लेखकाकडं दुसरं कसलंच तारण नसतं.

टेपांचं काय करायचं हे लोक सगळ्यात शेवटी विचारतात. अठरा तासांत माणूस जे बोलतो त्यातलं पुष्कळसं पुस्तकात यायचं नसतं, भावाबद्दल, बँकेतल्या माणसाबद्दल, जुन्या भागीदाराबद्दल. करारात असं ठेवलं की पुस्तक छापून आल्यावर सहा महिने रेकॉर्डिंग माझ्याकडं, कारण कुणी एखाद्या वाक्यावर हरकत घेतली तर दाखवायला लागतं, आणि मग मूळ फाइल साहेबांकडं, माझ्याकडची पुसलेली. टाइप करणाऱ्याकडून वेगळी सही घेतली. साहेबांच्या मुलीनं नंतर त्या फाइल मागवून घेतल्या आणि सोबत तो आवाजाचा कागदही मागितला, कंपनीच्या पत्रांना उपयोगी पडेल म्हणाली. तो कराराच्या कुठल्याच कलमात बसत नव्हता, दिला तसाच.